दिवसभराची भडास चार ओळींत कशी सांगायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा मेसेज टाकला तर बिघडतं काय? मैत्रीणच आहे ना, वाचेल की.

वाचेल, पण उत्तर देणार नाही, म्हणजे लगेच तरी नाही. स्वतःचंच आठवून बघा ना, समोरून कुणाचा हा एवढा मोठा मेसेज आला की आपण काय करतो? वरच्या दोन ओळी वाचतो, मधलं नजरेखालून घालतो आणि मनात म्हणतो, याला नीट उत्तर द्यायला हवं, रात्री निवांत देते. रात्री विसरतो. दुसऱ्या दिवशी आठवतं, पण आता उशीर झालाय म्हणजे अजूनच नीट लिहायला हवं असं वाटतं, आणि असं करत करत तीन दिवसांनी एक "अगं बापरे, कशी आहेस आता?" जातं. यात माया कमी असते असं नाही, तो मेसेजच कान नसलेल्या गरम कपासारखा असतो, धरायचा कुठून तेच कळत नाही.

आत सात-आठ तक्रारी असतात. बसबद्दल बोलू का बॉसबद्दल, का घरच्यांबद्दल? एकाबद्दल बोललं तर बाकीचं दुर्लक्षिल्यासारखं होतं, म्हणून मग "बापरे" हाच सगळ्यात सुरक्षित शब्द वाटतो. आणि इकडे आपण फुगून बसतो की मी एवढं लिहिलं आणि हिनं एक शब्द टाकला.

मग थोडक्यात म्हणजे नक्की किती?

मी 40 ते 60 शब्द धरते. म्हणजे चार-पाच वाक्यं, फोनवर स्क्रोल न करता एका नजरेत मावतील एवढी. हा काही नियम नाही, पण यापेक्षा जास्त झालं तर बहुतेक वेळा दोन गोष्टी एकात घुसलेल्या असतात, हे मी स्वतःच्या मेसेजवरून सांगतेय.

"आज फार बेकार दिवस गेला यार" एवढंच टाकलं तर? सगळ्यात थोडक्यात तेच ना?

हे थोडक्यात नाही, हे अर्धवट आहे. आता समोरच्याला विचारावं लागतं, काय झालं? मग तुम्ही म्हणता, काही नाही गं, जाऊ दे. मग ती म्हणते, सांग ना. मग तुम्ही "कुठून सुरू करू" म्हणता आणि तो लांबलचक पाढा येतोच, फक्त आता तो तिनं मागवल्यासारखा येतो आणि आधी तिला तीन वेळा खोदायला लावलेलं असतं ते वेगळंच. लांब मेसेजमध्ये तिला निवडायला लागतं, या मेसेजमध्ये उकरायला लागतं. दोन्हीकडे काम तिच्याच गळ्यात.

म्हणजे भडास दाबायची का? मला तर सगळं ओकल्याशिवाय बरंच वाटत नाही.

दाबायची नाही, जागा बदलायची. आधी सगळं लिहून काढा, अगदी शिव्यांसकट, पण स्वतःच्या नोट्समध्ये किंवा स्वतःलाच मेसेज करता येतो त्या चॅटमध्ये. मैत्रिणीच्या चॅटच्या बॉक्समध्ये नाही. एक तर बोट कुठंतरी लागतं आणि अर्धंच जातं. दुसरं म्हणजे तिनं चॅट उघडलं असेल तर तिला दहा मिनिटं नुसतं "टायपिंग" दिसत राहतं, आणि दहा मिनिटं टायपिंग बघितल्यावर माणसाच्या मनात काय काय येतं सांगायला नको, ती आधीच घाबरून बसलेली असते.

स्वतःपुरतं लिहिण्याची पद्धत तशी जुनी आहे. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ 4 दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल लिहायला लावलं होतं. त्यात उत्तराची कुणाला अपेक्षाच नव्हती. माझा मुद्दा एवढाच की ओकायला वाचक लागत नाही, पण मैत्रिणीला जे पाठवायचं त्याला वाचक असतो, म्हणून हे दोन वेगळे मजकूर आहेत. एकातून दुसरा काढायचा.

काढायचा म्हणजे कसा? एक उदाहरण दाखवा ना.

माझंच घ्या. हे मी एका संध्याकाळी स्वतःला लिहिलं होतं, जसंच्या तसं देतेय:

> अगं काय सांगू आज सकाळपासूनच सगळं उलटं, अलार्म वाजलाच नाही कारण रात्री फोन चार्जिंगला लावायचा राहिला, मग बस चुकली, पुढची आली ती इतकी भरलेली की एका पायावर उभी, त्यात आईचा फोन की रविवारी का नाही आलीस, तिला किती वेळा सांगायचं, बरं ऑफिसला पोचले तर लिफ्ट बंद, चार मजले चढून गेले तर मीटिंग सुरू झालेली, आणि तुला माहितीये ना तीन आठवडे मी ज्याच्यावर मरत होते ते आज दाखवायचं होतं, तर आधी दुसऱ्या टीमवाल्यांनीच पाऊण तास खाल्ला आणि माझी पाळी आली तर सर घड्याळाकडे बघून म्हणाले तुझं नंतर बघू, ग्रुपवर टाकून ठेव, आणि सगळे उठले पण, मी उघडा लॅपटॉप धरून तशीच उभी, नंतर लॅपटॉपनं पण अपडेट काढलं अर्धा तास, दुपारपासून डोकं दुखतंय, येताना पाऊस, छत्री ऑफिसात, आणि घरी आले तर रूममेटनं भांडी तशीच ठेवलेली, मला ना हे सगळं सोडून कुठंतरी निघून जावंसं वाटतंय, माझ्याच बाबतीत असं का होतं नेहमी

आता यातल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारायचा: आज फक्त एवढंच झालं असतं, बाकी दिवस मस्त गेला असता, तर मी मेसेज केला असता का? अलार्म? नाही. बस? छे. लिफ्ट, अपडेट, पाऊस, छत्री? यातलं एकही नाही, हे सगळं त्या दिवशी टोचलं कारण आधीच कुठंतरी सोललेलं होतं. भांडी? त्यावर कदाचित केला असता, पण वैतागाचा, हसत-हसत. आईचं खरंय, ते लागतं, पण ते आजचं नाही, ते कित्येक महिन्यांचं आहे आणि त्याला त्याची वेगळी संध्याकाळ लागेल. उरली मीटिंग.

पण मीटिंगमधलंही सगळं नाही. लिहिलेलं परत वाचताना एक खूण सापडते. बाकी सगळीकडे मी "त्यात", "बरं", "मग", "आणि" करत धावतेय, नुसती यादी. पण एका ठिकाणी अचानक बारकावा आलाय: सरांनी घड्याळ बघितलं, ते नेमकं काय म्हणाले ते शब्द आहेत, आणि मी उघडा लॅपटॉप धरून उभी आहे. जिथं कुणाचं तरी बोलणं जसंच्या तसं आठवतंय किंवा आपण कसे उभे होतो, हात कुठं होते ते आठवतंय, दुखणं तिथंच असतं. मला तरी दर वेळी तिथंच सापडलंय.

मग एवढं सगळं नुसतं छोटं करून टाकलं तर चालत नाही का?

मी आधी तेच केलं होतं. ते असं झालं:

> सकाळपासून सगळं बिघडलं. बस चुकली, मीटिंगमध्ये माझं काम दाखवायचं राहिलं, लॅपटॉप बंद, पाऊस, घरी भांडी. वैताग नुसता.

छोटं आहे, पण ही अनुक्रमणिका झाली. पाऊस आणि मीटिंग एकाच मापाचे दिसतात. "काम दाखवायचं राहिलं" वाचून तर वाटतं की वेळच नव्हता, कुणी काही केलंच नाही, आणि जे टोचलं ते नेमकं त्यातूनच गळून गेलं. याला उत्तर येणार "होतं गं असं कधी कधी", आणि त्यात तिचा काय दोष.

छोटं करायचं म्हणजे सगळ्याला सारखी कात्री लावायची नाही. नऊ गोष्टी पूर्ण टाकायच्या आणि एक गोष्ट पूर्ण ठेवायची. शेवटी गेलेला मेसेज हा:

> आज मीटिंगमध्ये तीन आठवड्यांचं काम दाखवायचं होतं. माझी पाळी आली तर सर घड्याळ बघून म्हणाले, "तुझं नंतर बघू, ग्रुपवर टाकून ठेव." सगळे उठून गेले आणि मी उघडा लॅपटॉप धरून तशीच उभी. रागापेक्षा लाजच जास्त वाटली. सल्ला नको, तुझ्या बाबतीत झालंय का असं कधी?

43 शब्द आहेत. पहिलं वाक्य तिला लागेल तेवढीच मागची माहिती देतं, कारण टीमवाल्यांनी पाऊण तास खाल्ला हे माहीत नसलं तरी तिचं काही अडत नाही. मधे एक प्रसंग. मग एक भावना. मग तिनं काय करायचंय ते.

आणि त्या भावनेच्या ओळीबद्दल एक सांगायचंय. मोठ्या मजकुरात "लाज" हा शब्द कुठंच नाहीये, बघा परत. लिहिताना मला वाटत होतं मी चिडलेय. कापत कापत त्या उभ्या असलेल्या चित्रापर्यंत आले तेव्हा कळलं की हे चिडणं नव्हतंच. "कसंतरी होतंय", "डोकं फिरलंय", "वैताग" हे शब्द कुठल्याही दिवसाला लागतात, त्याच्या जागी लाज, भीती, एकटं पडल्यासारखं, फसवल्यासारखं असा एक नेमका शब्द सापडला तर समोरच्याला सूर मिळतो. चिडलेल्या माणसाशी आपण वेगळं बोलतो, शरमलेल्या माणसाशी वेगळं.

शेवटी प्रश्न टाकायलाच हवा का? जरा फॉर्मल नाही वाटत?

प्रश्नच हवा असं नाही, पण दार कुठंय ते दिसायला हवं. तिला कळायला हवं की आता मी काय केलं की पुरे. "सल्ला नको, नुसतं ऐक", "हसव मला जरा", "त्यांना माझ्या वतीनं एक शिवी हाण", "उद्या सरांशी बोलू का नको, एवढंच सांग", असं काहीही चालतं, पण यातलं एकच निवडायचं. दोन टाकले की ती परत निवडत बसते.

"माझ्याच बाबतीत असं का होतं नेहमी?" हा प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, पण त्याला उत्तर नाही. बिचारी काय लिहिणार? "नाही गं, असं काही नाही" लिहिलं तर तुमचं म्हणणं खोडल्यासारखं, आणि "हो ना" लिहिलं तर अजूनच वाईट. तसाच "माझं चुकलं का?" हा. ती तिथं नव्हती, तिला अर्धीच बाजू माहितीये, आणि तुम्ही तिला न्यायाधीश करताय. खरंच तपासून बघायचं असेल तर तो वेगळा फोन आहे, डोकं शांत झाल्यावरचा.

आणि शेवटी सभ्यपणा म्हणून "बाकी तुझं काय, बरं ना सगळं?" चिकटवू नका. हेतू चांगला असतो, पण दोन दारं झाली की माणूस सोप्या दारातून जातो, ती "मी मजेत" लिहून मोकळी होते आणि तुमचं राहून जातं. तिचं विचारा की, जरूर विचारा, पण तिचं उत्तर आल्यावर.

सुरुवातीला "सॉरी हं, परत डोकं खातेय तुझं" असं लिहिते मी. बरं दिसतं ना?

काढून टाका. नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ दिसते आणि तिथं माफी दिसली तर तिचं पहिलं काम तुमची समजूत घालणं होतं, "अगं सॉरी काय त्यात", आणि मूळ गोष्ट दुसऱ्या नंबरवर जाते.

तसंच "एक बोलायचं होतं" एवढंच पाठवून फोन बाजूला ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! समोरच्याचा अर्धा तास हवेत. विचारून घ्यायचं असेल तर एकाच मेसेजमध्ये पूर्ण विचारा, "ऑफिसचं रडगाणं आहे, सीरियस काही नाही, रात्री दहा मिनिटं फोन करू का?" फोनसाठी असं विचारावंच. 43 शब्दांच्या मेसेजला परवानगी लागत नाही.

लिहायचा कंटाळा येतो, मी सरळ व्हॉइस नोट टाकते.

आवाजात रडणं-हसणं पोचतं हे खरं, म्हणून मी व्हॉइस नोटच्या विरोधात नाही. पण सात मिनिटांची नोट ऐकायला तिला सात मिनिटं आणि इयरफोन लागतात, मीटिंगमध्ये, बसमध्ये, पोरं झोपवताना ती ऐकता येत नाही. दुप्पट वेगानं ऐकली तरी साडेतीन मिनिटं, वर तुमचं रडणं कार्टूनसारखं ऐकू येतं. शिवाय मधलं एखादं वाक्य परत हवं असेल तर सरकवत बसा.

एकदा बोलून घ्या, ती नोट पाठवू नका, ऐका, आणि जिथं आवाज बदलतो तेवढंच परत पाऊण मिनिटात बोला. खाली एक ओळ टाइप करा: "मीटिंगमध्ये पोपट झाला त्याबद्दल, ऐकून नुसतं हं म्हण." म्हणजे नोट न उघडताही तिला अंदाज येतो की घाई नाही.

आता काय उपयोग, मी मघाशीच भलामोठा मेसेज पाठवून बसलेय.

डिलीट करू नका. "हा मेसेज डिलीट केला आहे" हे बघून ती अजून काळजीत पडेल. व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो, पण तिनं एव्हाना वाचायला घेतला असेल तर उगाच गोंधळ. सरळ खाली एक मेसेज टाका: "वरचं सगळं वाचायची गरज नाही, खरं टोचलं ते एवढंच की सगळ्यांसमोर मला नंतर बघू म्हणाले. एक जोक टाक." नव्वद टक्के काम होतं. म्हणजे टक्के मी मोजलेले नाहीत, म्हणायची पद्धत.

मी "सल्ला नको" लिहिलं तरी तो सल्लाच देतो, काय करू?

काही मित्रांचं प्रेमच सल्ल्यातून बाहेर पडतं, त्यांना नुसतं बघत बसणं जमत नाही. भांडू नका. "हे उद्या करून बघते, आत्ता फक्त त्यांना नालायक म्हण" असं लिहा. त्याला काहीतरी करायला दिलं की तो खूश. आणि एखाद्याला कितीही सांगून जमतच नसेल तर त्याच्याकडे दुसरी कामं न्या, सीव्ही तपासायला त्याच्यासारखा माणूस नाही, पण लाजेचं त्याला सांगायचं नाही.

हां, एक बघा, मित्र त्याच ऑफिसात असेल किंवा सरांना ओळखत असेल तर हे लेखी पाठवूच नका. छोट्या मेसेजचा स्क्रीनशॉट मोठ्या मेसेजपेक्षा जास्त लवकर फिरतो.

आम्ही दोघी रोज रात्री हेच करतो, तिच्या सासूचं आणि माझ्या बॉसचं. चालेल ना?

चार ओळींत असलं तरी रोज तेच असेल तर जरा थांबून बघा. अमांडा रोझ या संशोधिकेनं 2002 मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीवर एक अभ्यास छापला होता. एकाच त्रासाबद्दल दोघांनी परत परत चघळत बसण्याला इंग्रजीत को-रुमिनेशन म्हणतात, त्याबद्दलचा. त्यात दिसलं ते गमतीशीर आहे: असं जास्त करणाऱ्यांची मैत्री जास्त घट्ट होती आणि उदासी, चिंताही जास्त होती. दोन्ही एकत्र. म्हणून तर सोडवत नाही.

ओळखायचं कसं? मागच्या आठवड्याचा मेसेज काढून आजच्याशेजारी ठेवा. फक्त तारीख बदलली आणि दोन्ही चालले, तर ही आता आजच्या दिवसाची भडास राहिलेली नाही. मग शेवटची ओळ बदला, "ऐक" च्या जागी "यावर मी काय करू, उद्या फोनवर बोलू".

सगळंच असं छोटं करायचं का?

नाही. कुणी गेलं, नोकरी गेली, डॉक्टरनं काही वाईट सांगितलं, घरात कुणी हात उचलला, तर चार ओळी घासत बसू नका, सरळ फोन करा. आणि "कुठंतरी निघून जावंसं वाटतंय" हे माझ्या मेसेजमध्ये वैतागातून आलेलं होतं म्हणून मी कापलं. ते खरंच असेल, जगणं नकोसं झालंय असं मनात येत असेल, तर तीच पहिली ओळ ठेवा, तिच्याभोवती विनोद गुंडाळू नका: "मला एकटीला राहायची भीती वाटतेय, आत्ता फोन कर." आणि तिनं उचलायची वाट बघत बसू नका, जवळ जो असेल त्याला उठवा, डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठा.

आणि बाकीच्या नऊ गोष्टींचं काय? त्या मनातच राहिल्या ना?

मला पण तेच वाटलं होतं. त्या संध्याकाळी चार मिनिटांत तिचं उत्तर आलं, "झालंय. माझ्या वेळी तर मी बोलत असताना लाईट बंद केले होते." मी विचारलं मग तू काय केलंस, ती म्हणाली अंधारात पेनड्राइव्ह शोधला. मग मी तिला लॅपटॉपच्या अपडेटचं सांगितलं, मग छत्रीचं, आणि भांड्यांपर्यंत आले तेव्हा ती म्हणाली थांब, कढई पण होती का? होती.